फॅटचा ताळा: प्राथमिक दूध संस्थेचं संकलन, फॅट नोंदी आणि सभासदांची बिलं कशी तपासायची

दूध संस्थेचं लेखापरीक्षण बहुतेक वेळा किर्दीपासून सुरू होतं आणि किर्दीवरच संपतं. व्हाउचर जुळतात, बँक जुळते, तेरीज जुळते, आणि अहवालावर सही होते. तरीही गावातले सभासद म्हणत राहतात, "आमच्या म्हशीला फॅट लागत नाही." दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. किर्दीत रुपये दिसतात, पण सभासदाचे पैसे रुपयांत शिरण्याआधी लिटरात आणि फॅटमध्ये ठरलेले असतात. तिथे गडबड झाली असेल तर पुढचा सगळा हिशेब चुकीच्या आकड्याशी अगदी बरोबर जुळतो.

म्हणून या लेखात एकाच गोष्टीवर भर दिला आहे: सभासदांकडून आलेली किलो फॅट आणि संस्थेतून बाहेर गेलेली किलो फॅट यांचा ताळा. मुरबाड, शहापूर किंवा भिवंडी ग्रामीण भागातली म्हशीच्या दुधाची छोटी संस्था डोळ्यांसमोर ठेवली आहे. सकाळ-संध्याकाळ संकलन, एक बल्क कूलर, बहुतेक दूध संघाच्या टँकरला आणि थोडं रतिबाला. हिशेब दसवड्याचा, म्हणजे दहा दिवसांचा. उदाहरणातले आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण पद्धत जशीच्या तशी वापरता येते.

आधी कागद कुठून घ्यायचे

संघाला गेलेल्या दुधाची चलनं संस्थेच्या सचिवाकडून घेऊ नका. संघाकडे लेखी मागणी करा आणि त्या संस्थेचं दिवसवार स्वीकृती पत्रक थेट तिथून घ्या. त्यात किलो, फॅट, फॅट सोडून दुधात उरणारे घन घटक म्हणजे एसएनएफ, आंबट किंवा परत केलेलं दूध आणि दिलेला दर असायला हवा. ताळ्याची एक बाजू संस्थेच्या हातात नसलेल्या कागदावर उभी राहिली तरच ताळ्याला अर्थ आहे.

दुसरी बाजू संकलनाची. त्यासाठी छापील दूध संकलन रजिस्टर पुरेसं नाही. संगणकावरच्या संकलन प्रणालीत नोंद नंतर बदलता येते आणि रजिस्टर पुन्हा छापता येतं. त्यामुळे फॅट मोजणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे मिल्क ॲनालायझरच्या, स्वतःच्या स्मृतीतले आकडे मिळत असतील तर ते उतरवून घ्या. नसतील तर सभासदांच्या घरी असलेल्या पावत्या किंवा दूध कार्डं गोळा करा. दहा-पंधरा सभासद पुरतात, पण त्यांची निवड तुम्ही करा. त्यात रोज दोन-तीन लिटर घालणारे छोटे सभासद हवेत आणि ज्यांच्या घरी वाचणारं कोणी नाही असेही हवेत. फॅट कापायची झाली तर ती आधी जिथे कोणी विचारत नाही तिथेच कापली जाते. संस्थेच्या कपाटात गठ्ठ्याने ठेवलेली दूध कार्डं हा पुरावा धरू नका. कार्ड सभासदाच्या हातात नसेल तर तीच गोष्ट अहवालात नोंदवायची.

यांच्या जोडीला दसवड्याचं दरपत्रक आणि ते कोणत्या ठरावाने कोणत्या तारखेपासून लागू झालं तो ठराव, स्थानिक विक्रीचं रजिस्टर, पशुखाद्याचं साठा रजिस्टर आणि बँकेचा उतारा घ्या. बँकेचा उताराही शक्यतो बँकेकडूनच.

संकलनाच्या वेळी हजर राहा

न कळवता एक सकाळ आणि एक संध्याकाळ संकलनाला उभं राहावं. पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत सभासद घाईत असतात, वीज जाते, आणि नोंदी नंतर भरल्या जातात. केंद्राची खरी सवय अशाच दिवशी दिसते.

सुरुवात काट्यापासून करा. वैधमापनशास्त्र विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते पाहा, मग 5 आणि 10 किलोची प्रमाणित वजनं ठेवून वाचन घ्या. रिकामं भांडं ठेवल्यावर काटा शून्यावर आणतात की नाही, आणि एखादा सभासद स्वतःचं जड भांडं आणतो तेव्हा वजा काय होतं, तेही पाहा. त्यानंतर नोंदीची पायरी. काटा 100 ग्रॅमच्या पायरीने दाखवत असेल आणि जवळच्या पायरीवर जात असेल, तर फायदा-तोटा दोन्हीकडे सारखा होतो. मात्र नोंदताना नेहमी खालचाच आकडा धरला तर प्रत्येक मापामागे सरासरी 50 ग्रॅम दूध सभासदाच्या नावावर चढत नाही. 82 सभासद, दोन वेळा, दहा दिवस म्हणजे 1,640 मापं. या एका सवयीने दसवड्याला 82 किलो दूध कागदाबाहेर राहतं. कोणी काटा मारलेला नसतो, तरी परिणाम तोच.

काटा किलो मोजतो आणि नोंद लिटरमध्ये होते. मधला भागाकार प्रणालीत बसवलेला असतो आणि तो कोणी बघत नाही. दूध पाण्यापेक्षा जड असल्याने एका लिटरचं वजन साधारण 1.03 किलो धरतात. हा आकडा 1.04 केला की 6,386 किलोचे 6,200 लिटर होण्याऐवजी 6,140 होतात. प्रणालीच्या सेटिंगमधला आकडा स्वतः पाहा आणि संघ कोणता आकडा वापरतो तोही विचारा. दोन ठिकाणी दोन आकडे असतील तर ताळा कधीच लागणार नाही आणि कारण शोधण्यात आठवडा जाईल.

आता फॅट. नमुना घेण्याआधी दूध ढवळतात का? फॅट हलकी असते आणि वर येते. भांडं थोडा वेळ उभं राहिलं आणि वरून नमुना घेतला तर फॅट जास्त लागते, तळातून घेतला तर कमी. ॲनालायझरची गाय आणि म्हैस यांची चॅनेल वेगळी असतात. म्हशीचं दूध गायीच्या चॅनेलवर लावलं तर वाचन भरवशाचं राहत नाही. सेन्सरवर दुधाचा थर बसला असेल, नमुन्यात हवेचे बुडबुडे असतील किंवा दूध आंबायला लागलं असेल, तरी आकडा सरकतो.

यंत्र खरं बोलतं की नाही हे ठरवायला जुनी गर्बर पद्धत उत्तम. दहा सभासदांचे नमुने नीट ढवळून दोन भागांत घ्या, एक भाग यंत्रावर लावा आणि दुसरा ब्युटिरोमीटर या खुणा केलेल्या काचनळीमध्ये. ब्युटिरोमीटरमध्ये आधी 10 मिली गर्बर सल्फ्युरिक आम्ल, मग 10.75 मिली दूध भिंतीवरून हळूच सोडायचं, शेवटी 1 मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून, आत एकही पांढरा कण राहणार नाही असं हलवायचं, मिनिटाला 1,100 फेऱ्यांवर साधारण 5 मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि 65 अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवून वाचायचं. फॅटचा स्तंभ स्वच्छ, पिवळसर आणि पारदर्शक हवा. काळे कण दिसले तर आम्ल तीव्र होतं किंवा दूध गरम होतं, पांढरट गाळ राहिला तर आम्ल कमजोर होतं किंवा हलवणं कमी पडलं. असं वाचन धरू नका, चाचणी पुन्हा करा. आम्ल हाताळणाऱ्याच्या हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे.

दहा फरक एकाखाली एक लिहा. काही वर, काही खाली आणि सरासरी शून्याच्या आसपास असेल तर यंत्र ठीक आहे. दहापैकी नऊ-दहा फरक एकाच बाजूचे असतील आणि सरासरी एका पॉइंटच्या, म्हणजे 0.1 च्या, पुढे जात असेल तर यंत्र सरकलेलं आहे किंवा सरकवलेलं आहे. कोणत्याही एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नका.

ताळा कसा मांडायचा

आपल्या उदाहरणातली संस्था 1 ते 10 तारखेच्या दसवड्यात 82 सभासदांकडून 6,200 लिटर दूध घेते. टँकर रोज संध्याकाळच्या संकलनानंतर येऊन कूलर रिकामा करतो, म्हणून आरंभीची आणि अखेरची शिल्लक धरलेली नाही. तुमच्या संस्थेत टँकर सकाळी येत असेल तर आदल्या संध्याकाळचं दूध पुढच्या तारखेला जातं. तेव्हा दसवड्याच्या दोन्ही टोकांना कूलरची मोजपट्टीने घेतलेली शिल्लक धरावीच लागते. हे न केल्याने खोटा तुटवडा दिसतो आणि सचिवावर विनाकारण संशय येतो.

सभासदांची सरासरी फॅट काढताना साधी सरासरी काढू नका. एकाने 6.0 फॅटचं 10 लिटर घातलं आणि दुसऱ्याने 8.0 फॅटचं 2 लिटर, तर साधी सरासरी 7.0 येते. खरी सरासरी 6.33 आहे, कारण दूध मुख्यतः पहिल्याचं आहे. प्रत्येक मापाचे लिटर आणि फॅट यांचा गुणाकार करून बेरीज घ्या आणि एकूण लिटरने भागा. संगणकावरच्या तक्त्यात हे काम एका सूत्राचं आहे:

```
=SUMPRODUCT(C2:C1641,D2:D1641)/SUM(C2:C1641)
```

इथे C रकान्यात लिटर आणि D रकान्यात फॅट आहे. उदाहरणात ही सरासरी 6.4 आली. मग ताळा असा मांडा:

| बाब | किलो दूध | फॅट % | किलो फॅट |
|---|---|---|---|
| सभासदांकडून (6,200 लिटर) | 6,386.0 | 6.4 | 408.7 |
| संघाने स्वीकारलं | 5,810.0 | 6.7 | 389.3 |
| रतीब (515 लिटर) | 530.5 | 6.4 | 33.9 |
| नमुना दूध विक्री (60 लिटर) | 61.8 | 6.4 | 4.0 |
| एकूण बाहेर | 6,402.3 | | 427.2 |
| फरक (वाढ) | 16.3 | | 18.5 |

रतीब आणि चाचणीच्या नमुन्यांतून उरलेल्या नमुना दुधाला मुद्दाम संस्थेच्याच नोंदीतली 6.4 फॅट लावली आहे, म्हणजे शंकेचा फायदा संस्थेला मिळतो. टँकरमध्ये 6.7 लागली तर त्याच कूलरमधून काढलेल्या रतिबाच्या दुधालाही प्रत्यक्षात तितकीच असणार, आणि फरक थोडा आणखी वाढेल.

आता वाचा. दूध 6,386 किलो आलं आणि 6,402 किलो गेलं. वाढ फक्त पाव टक्का. तरी ती वाढ आहे हे विसरू नका, कारण भांड्याला, पाइपला आणि कूलरला चिकटून दूध थोडं कमीच व्हायला हवं. फॅट मात्र 408.7 किलो आली आणि 427.2 किलो गेली. कूलरमध्ये फॅट तयार होत नाही. सभासदांनी घातलेल्या दुधात 18.5 किलो फॅट होती आणि ती त्यांच्या नावावर चढली नाही, हाच याचा सरळ अर्थ. 6,386 किलो दुधावर वाटली तर ती 0.29 येते, म्हणजे प्रत्येकाला जवळपास तीन पॉइंट कमी लागले.

ताळा वाचायची ही पद्धत इतर वेळीही चालते. दूध आणि फॅट दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढलेले दिसले तर दोष काट्यात किंवा लिटरच्या भागाकारात आहे. दूध जुळतं पण फॅट कमी पडते, तर कूलरमधून दूध काढून तेवढंच पाणी घातलं गेलं असावं. तेव्हा संघाच्या पत्रकात त्या दिवसांची एसएनएफही खाली आलेली दिसेल. दूध आणि फॅट दोन्ही सारखे घटले असतील तर नोंद न केलेली रोख विक्री शोधा. कल्याण-बदलापूरच्या बाजूला रतिबाचं गिऱ्हाईक सहज मिळतं, आणि रतिबाचे पैसे रोखीत येतात.

18.5 किलो कुठून आली

फरक सापडला की लगेच आरोप लिहू नका. आधी निर्दोष कारणं वजा करा. यंत्र दोन दशांश दाखवत असेल आणि नोंद एकच दशांश होत असेल, तर 6.67 चं 6.6 होतं. सगळी वाचनं अशी खाली कापली तर सरासरी 0.045 फॅट जाते, म्हणजे या दुधावर सुमारे 2.9 किलो. 18.5 पैकी तीनेक किलो इथे सुटली. ही कापणीही सभासदाच्या तोट्याचीच आहे आणि ती थांबवायला हवी, पण ती सवय आहे, अफरातफर नव्हे.

उरलेल्या साडेपंधरा किलोसाठी यंत्राच्या आणि नोंदीच्या आकड्यांची तुलना करा. सर्व सभासदांची फॅट जवळपास सारख्याच अंतराने कमी असेल आणि गर्बर चाचणीतही तेवढाच फरक दिसला असेल, तर यंत्राचं कॅलिब्रेशन सरकलं आहे किंवा त्यात वजा दुरुस्ती बसवली आहे. शेवटचं कॅलिब्रेशन कधी आणि कोणी केलं याची नोंद मागा. दुरुस्तीचा आकडा सेटिंगमध्ये दिसतो, त्याचा फोटो घ्या. याउलट यंत्र बरोबर असेल आणि सभासदाच्या पावतीपेक्षा रजिस्टरमधली फॅट कमी असेल, तर बदल नोंदीत झाला आहे. तो निवडक असतो: काही खात्यांना हात लागलेला असतो, काहींना नाही.

नंतर पैशांचा माग काढा, कारण वाढीव फॅटचे पैसे संघाने दिलेलेच आहेत. समजा दरपत्रकात 6.0 फॅटला 50 रुपये आणि पुढच्या प्रत्येक पॉइंटला 60 पैसे आहेत, आणि संघ तेच पत्रक वापरून कमिशन वेगळं देतो. सभासदांना 6.4 ला 52.40 रुपये मिळाले, संघाने 6.7 ला 54.20 दिले. संघाचे 5,810 किलो म्हणजे 5,641 लिटर, आणि लिटरमागे 1.80 रुपये म्हणजे दसवड्याला सुमारे 10,150 रुपये. वर्षाचे 36 दसवडे असेच गेले तर रक्कम साडेतीन लाखांच्या वर जाते.

ही रक्कम व्यापारी पत्रकात दिसते का? दूध विक्री वजा दूध खरेदी म्हणजे ठोक नफा, त्यातून संघाचं कमिशन आणि रतिबावरचा फरक वजा करा. तरीही लाख-दोन लाख उरत असतील तर फॅटचे पैसे संस्थेच्या पुस्तकात आलेले आहेत. ते सभासदांचे आहेत आणि दर फरक म्हणून त्यांच्याकडेच परत जायला हवेत. ठोक नफ्यात ते दिसत असतील पण निव्वळ नफ्यात उरत नसतील, तर पैसे पुस्तकात येऊन खर्चाच्या बाजूने बाहेर गेले. वाहतूक, रसायनं, दुरुस्ती आणि किरकोळ खर्च यांची व्हाउचर मागच्या वर्षाशी ताडून पाहा. व्हाउचर तपासायचीच आहेत, पण आता नेमकं काय शोधायचं हे माहीत आहे.

ताळा अगदी जुळला तर

इथे अननुभवी लेखापरीक्षक फसतो. बारा महिने प्रत्येक दसवड्याला ताळा किलोपर्यंत जुळत असेल तर समाधान मानू नका. दूध हाताळणीत थोडी घट व्हायलाच हवी. ती कधीच दिसत नसेल तर काट्यात आणि फॅटमध्ये राहिलेली वाढ कोणाच्या तरी नावावर टाकून ताळा जुळवला जात असण्याची शक्यता आहे. वाढ शिरायला एकच जागा असते, सभासदाचं खातं.

असं खातं ओळखायचं तर म्हैस कशी दूध देते ते आठवा. संध्याकाळची फॅट बहुधा सकाळपेक्षा जास्त लागते, कारण दोन धारांमधलं दिवसाचं अंतर कमी असतं. व्यायल्यानंतर काही आठवडे दूध वाढतं, मग उतरत जातं, आणि दूध उतरताना फॅट चढते. पुढे म्हैस दोन-तीन महिने आटते. आपल्याकडे बऱ्याच म्हशी पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत वितात, म्हणून हिवाळ्यात दूध भरपूर आणि उन्हाळ्यात ते ओसरतं. एखाद्या खात्यावर जानेवारीत 5.0 लिटर आणि 7.8, मे महिन्यातही 5.0 लिटर आणि 7.8, सकाळी-संध्याकाळी एकसारखं, एकही खाडा नाही, असं दिसत असेल तर ते दूध म्हशीचं नाही, कागदाचं आहे.

अशी चार-पाच खाती वेगळी काढा आणि त्यांना तीन साधे प्रश्न लावा. या सभासदाने वर्षभरात संस्थेतून पशुखाद्याची एक तरी गोणी नेली आहे का? त्याच्या जनावरांना कानात बिल्ला आहे का? त्याचं बँक खातं दुसऱ्या कोणाच्या नावाशी, सचिवाच्या किंवा टेस्टरच्या घराशी जुळतं का? तिन्हीची उत्तरं वाईट आली तर प्रत्यक्ष गोठा पाहून या. गोठ्यात पंचासमक्ष काय दिसलं ते लिहून सह्या घ्या.

फॅटची वाढ लपवायला नेहमी खोटं खातंच लागतं असं नाही. कधी मर्जीतल्या खऱ्या सभासदाला दोन-तीन पॉइंट वाढवून दिले जातात. संचालक, त्यांचे नातेवाईक आणि कर्मचारी यांच्या खात्यांची सरासरी फॅट बाकीच्यांच्या सरासरीशी ताडून पाहिली की हे उघड होतं. चांगली जनावरं आणि चांगला चारा यांमुळेही फॅट जास्त लागते, म्हणून अशा दोन-तीन सभासदांचे नमुने स्वतःच्या देखरेखीखाली लावा आणि त्या दिवसाची फॅट मागच्या महिनाभराच्या नोंदींशी ताडा.

बिलापासून बँकेपर्यंत

फॅटचा प्रश्न सुटल्यावर पैशांची तपासणी तुलनेने सोपी. तरी तीन सांध्यांवर लक्ष ठेवा.

पहिला सांधा रजिस्टर आणि बिल यांचा. पंधरा सभासदांची बिलं दरपत्रकावरून हाताने पुन्हा काढा. 4.6 लिटर, 6.5 फॅट, दर 53.00, रक्कम 243.80, अशी प्रत्येक वेळेची. दर मधूनच बदलला असेल तर बदलाच्या दिवसाची सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही पाहा. संघाने 4 तारखेपासून दर वाढवला आणि संस्थेने 11 पासून लागू केला, तर सात दिवसांचा फरक संस्थेकडे राहिला. अशी चूक फार वेळा सापडते.

दुसरा सांधा कपातीचा. आपल्या उदाहरणात 6,200 लिटरचं एकूण बिल 3,24,880 रुपये. त्यातून पशुखाद्य 61,400, ॲडव्हान्स वसुली 24,000 आणि लिटरमागे एक रुपया ठेव 6,200, अशी 91,600 ची कपात. द्यायचे 2,33,280. प्रत्येक कपात संबंधित खात्यात त्याच दसवड्यात जमा झाली पाहिजे. पशुखाद्याची कपात साठा रजिस्टरमधल्या उचलीशी गोणीनिहाय जुळवा, कारण एका सभासदाने नेलेली गोणी दुसऱ्याच्या बिलात कापली गेल्याचं घरोघरच्या पावत्यांवरून कळतं. ठेवीची कपात कोणत्या ठरावाने होते आणि सभासदाला ठेवीची शिल्लक कधी कळवली, हेही विचारा. वर्षानुवर्षं कापलेली आणि सभासदाला माहीतच नसलेली ठेव अनेक दप्तरांत पडून असते.

तिसरा सांधा प्रत्यक्ष देण्याचा. बँकेत पाठवलेल्या यादीची बेरीज 2,21,030 आणि रोखीने दिलेले 9,450, मिळून 2,30,480. द्यायच्या रकमेपेक्षा 2,800 कमी. ते न दिलेल्या दूध बिलांच्या खात्यात नावानिशी दिसायलाच हवेत. तिथे शिल्लक शून्य असेल तर 2,800 रुपये कुठे आहेत हा प्रश्न लेखी विचारा. बँकेची यादी खाते क्रमांकाप्रमाणे लावून पाहा. एकच खाते क्रमांक दोन-तीन सभासदांच्या नावांपुढे आला तर कारण हवं. एकाच घरातली आई आणि मुलगा असतील, किंवा आणखी काही. रोख देण्यात अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही आणि नाव पाहिजे, आणि तो साक्षीदार दर वेळी संस्थेचाच कर्मचारी नको.

सापडलेलं कसं लिहायचं

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 81 खाली अहवाल द्यायचा असतो. वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे जुलैअखेर तपासणी पूर्ण व्हायला हवी. म्हणून फॅटचा ताळा शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. वर्षाचे 36 दसवडे करणं शक्य नसेल तर निदान सहा घ्या: हिवाळ्यातले दोन, उन्हाळ्यातले दोन आणि पावसाळ्यातले दोन.

नमुना 'एन' मधल्या अहवालात "फॅट नोंदींत त्रुटी आढळल्या" असं वाक्य लिहिलं तर त्याचा उपयोग कोणालाच होत नाही. ताळ्याचा तक्ता जोडा, कोणता आकडा कुठल्या कागदावरून घेतला ते लिहा, निर्दोष कारणांसाठी किती वजा केलं ते दाखवा आणि उरलेला फरक किलोमध्ये व रुपयांमध्ये सांगा. सचिव आणि अध्यक्षांना आधी लेखी मेमो देऊन त्यांचा खुलासा घ्या आणि तो अहवालासोबत ठेवा. कलम 82 प्रमाणे संस्थेला दोष दुरुस्ती अहवाल नमुना 'ओ' मध्ये तीन महिन्यांत द्यावा लागतो. नेमके आकडे असतील तरच तो दुरुस्ती अहवाल तपासता येतो.

खोटं खातं, बदललेल्या नोंदी किंवा न आलेली रक्कम अशी हिशेबातली फसवणूक झाली असा तुमचा निष्कर्ष असेल, तर अहवाल दिल्यापासून 15 दिवसांत निबंधकांना विशेष अहवाल द्यावा लागतो आणि त्यांच्या लेखी परवानगीनंतर गुन्हा नोंदवणं ही लेखापरीक्षकाची जबाबदारी आहे. कॅलिब्रेशन सरकल्याचा प्रकार या गटात टाकू नका, तसंच खोट्या खात्याला "नोंदीतील त्रुटी" म्हणून सोडूही नका.

सभासदांना पैसे परत करायची वेळ आली की ते वाटायचे कसे, हा प्रश्न शेवटी येतोच. दोष यंत्राचा असेल आणि सर्वांची फॅट सारखीच कमी लागली असेल, तर लिटरच्या प्रमाणात दर फरक वाटणं योग्य आहे, कारण प्रत्येकाचा तोटा लिटरमागे सारखाच झाला. नोंदी निवडक बदलल्या असतील तर लिटरप्रमाणे वाटप केल्यावर ज्यांची फॅट कापली त्यांना कमी आणि ज्यांची वाढवली त्यांनाही वाटा मिळतो. तिथे यंत्राच्या स्मृतीतल्या किंवा पावतीवरच्या फॅटने प्रत्येक सभासदाचं बिल नव्याने काढून त्याचा फरक त्याच्याच खात्यात जमा करावा लागतो. काम किचकट आहे. 82 सभासद आणि 20 वेळा म्हणजे दसवड्याला 1,640 ओळी, पण वरच्या सूत्राचा तक्ता आधीच तयार असेल तर त्यातच दराचा एक रकाना वाढवून ते एका दिवसात होतं.